हेराक्लायटस शेणात मेला का? प्राचीन तत्त्वज्ञाचं चरित्र पारखून कसं वाचावं

ग्रीक तत्त्वज्ञानावरचं कुठलंही सोपं पुस्तक उघडा, हेराक्लायटसबद्दल साधारण अशी माहिती मिळते. तो आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या एफेससचा (आजच्या तुर्कस्तानातला भाग). राजघराण्यात जन्मला, पण गादी भावाला देऊन टाकली. माणसांचा वीट आला म्हणून डोंगरात जाऊन पाला खाऊन राहिला. जलोदर झाला, तेव्हा वैद्यांना कोड्यात प्रश्न विचारला. त्यांना तो कळेना, म्हणून अंगाला शेण फासून उन्हात पडून राहिला आणि तसाच मेला. वय ६०.

हे सगळं सलग, ठसठशीत आणि लक्षात राहण्याजोगं आहे. पण हेराक्लायटस इ.स.पू. ५००च्या सुमाराचा. आणि हे चरित्र ज्या एका मजकुरातून जगभर पसरलं, तो डायोजिनीस लेअर्टियसने लिहिला इ.स.च्या तिसऱ्या शतकात. मध्ये जवळपास सातशे वर्षं गेली. त्याच्या हयातीतल्या कुणीही त्याच्याविषयी लिहिलेली एक ओळही आपल्या हाती नाही.

म्हणून सगळं फेकून द्यायचं का? नाही. पण प्रत्येक वाक्य वेगळं काढून त्याची परीक्षा घ्यायला हवी. ही परीक्षा कशी घ्यायची ते इथे हेराक्लायटसच्या चरित्रावर प्रत्यक्ष करून दाखवतो. ग्रीक यायला हवं असं नाही. दोन मजकूर शेजारी ठेवून वाचण्याची तयारी मात्र हवी.

आधी दोन गोष्टी हाताशी घ्या

पहिली म्हणजे डायोजिनीसचा मूळ मजकूर. त्याच्या तत्त्वज्ञ-चरित्रांचे दहा खंड आहेत. हेराक्लायटस नवव्या खंडात, परिच्छेद १ ते १७ मध्ये येतो. पर्सियस डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर मूळ ग्रीक आणि हिक्स यांचं १९२५चं इंग्रजी भाषांतर दोन्ही फुकट वाचता येतं. सारांश वाचून काम भागत नाही. सारांश लिहिणारा सर्वांत आधी जे गाळतो, तेच आपल्याला हवं असतं: ‘हर्मिपस म्हणतो’, ‘काहींच्या मते’, ‘असं सांगतात’.

दुसरी गोष्ट म्हणजे हेराक्लायटसची स्वतःची वचनं. त्याचा ग्रंथ हरवला आहे, पण प्लुटार्क, स्ट्रेबो, क्लेमेंट, हिप्पोलिटस अशा नंतरच्या लेखकांनी त्यातली वाक्यं उद्धृत केली. हर्मान डील्स या जर्मन पंडिताने १९०३ मध्ये सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञांची अशी सगळी सामग्री एकत्र करून क्रमांक दिले. हेराक्लायटसची वचनं सव्वाशेच्या आसपास भरतात. डील्सने सामग्रीचे दोन विभाग केले: ‘ए’ विभागात इतरांनी तत्त्वज्ञाबद्दल सांगितलेलं, ‘बी’ विभागात त्याचे स्वतःचे शब्द. नवा वाचक इथे हमखास घसरतो. ‘डील्सच्या संग्रहात आहे’ म्हणजे हेराक्लायटसचंच आहे असं तो धरून चालतो. शेणाची गोष्टही त्या संग्रहात आहे, पण ‘ए’ विभागात. क्रमांकाआधीचं अक्षर पाहिल्याशिवाय काहीही उतरवून घेऊ नका.

पहिलं काम: चरित्राचे तुकडे पाडा

कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात विधान, दुसऱ्यात ते कोण सांगतं, तिसऱ्यात तो सांगणारा हेराक्लायटसनंतर किती वर्षांनी झाला आणि चौथ्यात या विधानासारखं हेराक्लायटसचं स्वतःचं वचन आहे का.

विधान एका दमात सांगता येईल इतकं लहान करा. ‘तो जलोदराने शेणात मेला’ हे एक विधान नाही. त्यात निदान पाच आहेत: त्याला जलोदर झाला, त्याने वैद्यांना प्रश्न विचारला, वैद्यांना जमलं नाही, त्याने शेणाचा उपाय केला, त्यातच तो मेला. यातलं एखादं खरं असून बाकीची खोटी असू शकतात, म्हणून हे सोडवून घ्यायचं.

दुसरा रकाना भरताना डायोजिनीसबद्दल आदर वाटू लागतो. त्याला भोळा संग्राहक म्हणून नावं ठेवायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. तो पुष्कळदा आपला आधार नावानिशी सांगतो आणि दोन आधार एकमेकांना छेद देत असतील तर दोन्ही तसेच ठेवतो. हेराक्लायटसच्या मृत्यूची पहिली हकीकत तो स्वतःच्या निवेदनात देतो. डोंगरातून परतलेल्या हेराक्लायटसने वैद्यांना विचारलं, ‘अतिवृष्टीतून दुष्काळ करता येईल का?’ त्यांना कळलं नाही, तेव्हा तो गोठ्यात शेणाखाली स्वतःला पुरून बसला. शेणाच्या उबेने अंगातलं पाणी आटेल अशी आशा होती, पण उपयोग झाला नाही. मग तो हर्मिपस या जुन्या चरित्रकाराचं म्हणणं देतो. आतडी रिकामी करून पाणी काढता येईल का, असं हेराक्लायटसने विचारलं; वैद्य नाही म्हणाले; तो उन्हात आडवा झाला आणि पोरांना सांगून अंगाला शेण लिंपून घेतलं; दुसऱ्या दिवशी मेला आणि त्याला भर बाजारचौकात पुरलं. त्यानंतर सिझिकसचा निआन्थीस: शेण निघेना, तो तसाच पडून राहिला, ओळखू येईनासा झाला आणि कुत्र्यांनी त्याला खाल्लं. आणि शेवटी अरिस्टन आणि हिप्पोबोटस: जलोदर बरा झाला होता, तो दुसऱ्याच दुखण्याने गेला.

एकाच माणसाचे चार शेवट. बाजारचौकात सन्मानाने पुरलेल्या माणसाला कुत्र्यांनी खाल्लेलं असू शकत नाही. म्हणजे निदान एक शेवट रचलेला आहे, हे आणखी काही न शोधताही कळतं. लोकप्रिय पुस्तकांतून यातला एकच शेवट येतो, बाकीचे गळतात आणि उरलेला इतिहास वाटू लागतो.

तिसऱ्या रकान्यात अंतर मोजा. निआन्थीस आणि हर्मिपस ही माणसं साधारण इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंतची, म्हणजे हेराक्लायटसनंतर दोन-तीनशे वर्षांनी लिहिणारी. डायोजिनीसचे आधार त्याच्यापेक्षा बरेच जुने आहेत, पण घटनेपासून तेही दूरच. त्यांच्या हाती काय होतं? एफेससच्या नगरपालिकेचे मृत्युदाखले नव्हते. हेराक्लायटसचा ग्रंथ मात्र होता. पुढची सगळी उकल इथून होते.

दुसरं काम, आणि सर्वांत महत्त्वाचं: गोष्टीशेजारी वचन ठेवा

चौथा रकाना भरायला वेळ लागतो, पण निकाल तिथेच लागतो. हेराक्लायटसची काही वचनं पाहा. अनुवाद शक्य तितका सरळ ठेवला आहे.

बी ३६: ‘आत्म्यांना पाणी होणं हा मृत्यू, पाण्याला माती होणं हा मृत्यू, मातीतून पाणी होतं, पाण्यातून आत्मा.’

बी ११७: दारू प्यालेल्या माणसाला मिसरूड न फुटलेलं पोरगं हाताला धरून नेतं, तो अडखळतो, कुठे चाललोय ते त्याला कळत नाही, कारण त्याचा आत्मा ओला झालेला असतो.

बी ११८: कोरडा आत्मा सर्वांत शहाणा आणि सर्वांत उत्तम.

बी १२६: थंड ते गरम होतं, गरम ते थंड, ओलं सुकतं, सुकलेलं ओलं होतं.

बी ९६: ‘शेणखतापेक्षाही प्रेतं फेकून देण्याच्या लायकीची.’

बी ९७: ‘ज्याला ओळखत नाहीत त्याच्यावर कुत्री भुंकतात.’

बी ५८: वैद्य कापतात, डागतात आणि वर पुरेसा मोबदला मिळत नाही म्हणून तक्रार करतात.

आता मृत्यूच्या हकीकती पुन्हा वाचा. आत्म्याला पाणी होणं हा मृत्यू म्हणणाऱ्याला मरायला रोग कोणता दिला? अंगात पाणी साठण्याचा. कोरड्याची महती सांगणारा काय मागतो? पाणी आटवायचा उपाय. ओलं सुकतं म्हणणारा वैद्यांना काय विचारतो? अतिवृष्टीतून दुष्काळ. वैद्यांना टोमणा मारणाऱ्याला वैद्यच उपयोगी पडत नाहीत. प्रेत शेणापेक्षाही टाकाऊ म्हणणारा शेणातच प्रेत होतो. आणि निआन्थीसच्या कुत्र्यांचं काय? त्याच्या हकीकतीत ‘ओळखू येईनासा झाला’ हा तपशील मुद्दाम आलाय. कुत्र्यांना ओळख पटली नाही, हे बी ९७च आहे, फक्त भुंकण्याच्या जागी खाणं आलं.

हा योगायोग असणं अशक्य आहे. एखादा तपशील जुळला असता तर सोडून दिलं असतं. इथे रोग, प्रश्न, वैद्य, उपाय, शेण, कुत्री असं सगळं जुळतं आणि वचनांत ज्याचा मागमूस नाही असं जवळपास काहीच उरत नाही. चरित्रकाराने ग्रंथातली वाक्यं घेतली आणि लेखकाच्याच अंगावर घडवून आणली, त्याचीच शिकवण त्याच्यावर उलटवून. तत्त्वज्ञ स्वतःच्या तत्त्वाने मेला, हे त्या काळच्या वाचकाला आवडणारं वळण होतं.

कितपत साम्य पुरेसं मानायचं? मी तीन गोष्टी पाहतो. साम्य नेमकं आहे का, म्हणजे ‘पाणी’सारखा सर्वसाधारण शब्द नव्हे तर ‘न ओळखणारी कुत्री’ असा खास जोड. एकाच गोष्टीत असे जोड किती आहेत. आणि ते वजा केल्यावर काय शिल्लक राहतं. मृत्यूच्या गोष्टीत तिन्ही कसोट्यांचा निकाल एकाच बाजूला जातो.

इथे कुणी म्हणेल, आगीशिवाय धूर निघतो का. जलोदर तरी खरा असेल. पण आग कुठली ते आपल्याला सापडलेलं आहे: ती वचनंच आहेत. धूर समजावून सांगायला दुसरी आग लागत नाही. अरिस्टन आणि हिप्पोबोटस ‘जलोदर बरा झाला’ म्हणतात, तेव्हा ते जलोदराला वेगळा पुरावा देत नाहीत. चालू असलेल्या गोष्टीचा फक्त शेवट ते नाकारतात.

डोंगर, पाला आणि पोरांचा खेळ

हीच पद्धत बाकीच्या आयुष्याला लावू. डायोजिनीस सांगतो, एफेससच्या लोकांनी त्याला कायदे करून द्यायला सांगितले. शहराची घडी आधीच वाईट बसली आहे म्हणून त्याने नाकारलं आणि तो आर्टेमिसच्या देवळात जाऊन पोरांबरोबर हाडांच्या फाशांनी खेळत बसला. लोक भोवती जमले तेव्हा म्हणाला, तुमच्याबरोबर राज्यकारभार करण्यापेक्षा हे बरं नाही का?

वचन शोधा. बी ५२: आयुष्य म्हणजे पटावर सोंगट्या खेळणारं पोर, राज्य पोराचं. आणि बी १२१, जे डायोजिनीस आणि स्ट्रेबो दोघांनी दिलं आहे: एफेससच्या झाडून साऱ्या प्रौढांनी फास लावून घ्यावा आणि शहर मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हवाली करावं; कारण ‘आमच्यात कुणी सर्वांत गुणी नको, असलाच तर दुसरीकडे जाऊन दुसऱ्यांत असू दे’ असं म्हणत त्यांनी आपल्यातल्या सर्वांत गुणी माणसाला, हर्मोडोरसला, हाकलून दिलं.

शहर पोरांच्या हवाली, राज्य पोराचं, पोराचा खेळ: देवळातलं दृश्य इथून उभं राहिलं. सोंगट्यांचे फासे झाले, एवढाच फरक. कायदे नाकारल्याच्या भागाबद्दल एक गोष्ट मला खटकते. हाच हेराक्लायटस बी ४४ मध्ये म्हणतो की लोकांनी कायद्यासाठी तटबंदीसाठी लढावं तसं लढायला हवं. हे वचन डायोजिनीसने त्याच पानावर उतरवलं आहे. कायद्याचा एवढा कैवारी कायदे करायची विनंती फाशांसाठी झिडकारतो, हे चित्र वचनांपैकी निम्म्यांकडे डोळेझाक केल्यावरच तयार होतं. चरित्रकाराला तुसडा माणूस हवा होता, त्याने तुसडी वाक्यं वेचली.

डोंगर आणि पाल्याचा भाग निराळा. त्याला नेमकं वचन सापडत नाही. पण गोष्टीत तो काय काम करतो ते पाहा. डायोजिनीस म्हणतो, पाला खाल्ल्यामुळे त्याला जलोदर झाला. म्हणजे माणसांचा तिटकारा एका टोकाला, जलोदर दुसऱ्या टोकाला, आणि मधे हा सांधा. चरित्रांत असे सांधे ओळखायला शिका. ज्या घटनेचं एकमेव काम दोन गोष्टी जोडणं आहे, ती बहुधा जोडण्यासाठीच आणलेली असते.

एकच विनोद, दोन मालक

खात्री करायचा आणखी एक सोपा मार्ग म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे का ते पाहणं. डायोजिनीसच्याच पुस्तकात याचा नमुना आहे. दुसऱ्या खंडात, सॉक्रेटिसच्या चरित्रात, युरिपिडीस त्याला हेराक्लायटसचा ग्रंथ देतो आणि कसा वाटला विचारतो. सॉक्रेटिस म्हणतो, जे कळलं ते उत्तम, जे कळलं नाही तेही उत्तमच असणार. पण तळ गाठायला डेलॉसचा पाणबुड्या हवा. नवव्या खंडात हाच पाणबुड्या पुन्हा भेटतो. तिथे क्रोटन नावाच्या लेखकाच्या हवाल्याने हे बोल क्रेटीस नावाच्या माणसाच्या तोंडी घातलेत. त्याने तो ग्रंथ पहिल्यांदा ग्रीसमध्ये आणला म्हणे.

गाजलेल्या माणसाच्या तोंडी चांगलं वाक्य जातं. गाजलेल्याकडून अनोळखी क्रेटीसकडे ते जाण्याचं कारण नाही. सॉक्रेटिसची आवृत्ती जास्त प्रसिद्ध आहे, म्हणूनच मी तिच्यावर कमी विश्वास ठेवतो. या विनोदातून खात्रीने एवढंच कळतं की ग्रंथ दुर्बोध म्हणून कीर्ती जुनी होती. पण हेही थोडं नव्हे.

सनावळी कशी तपासायची

इथे जरा थांबायला हवं, कारण आकडा दिसला की वाचकाचा संशय विरघळतो. डायोजिनीस म्हणतो, हेराक्लायटस ६९व्या ऑलिंपियाडमध्ये भरात होता. हिशेब असा: पहिलं ऑलिंपियाड इ.स.पू. ७७६ ला सुरू होतं आणि प्रत्येक चार वर्षांचं. ६९वं सुरू व्हायच्या आधी ६८ पूर्ण झाली, म्हणजे २७२ वर्षं. ७७६ मधून २७२ वजा केले की ५०४. पुढची चार वर्षं धरून इ.स.पू. ५०४ ते ५०१.

‘भरात होता’ ही नोंद बहुधा अपोलोडोरस या इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या कालगणनाकाराकडून आलेली. जन्मवर्ष माहीत नसलेल्या माणसाला त्याच्या काळातल्या एखाद्या ठळक घटनेशी बांधायचं आणि त्या वेळी तो ४० वर्षांचा होता असं धरायचं, ही त्याची रीत. म्हणून ५०४ मध्ये ४० मिळवून जन्म साधारण ५४०च्या सुमाराला आणि वय ६० धरून मृत्यू ४८०च्या सुमाराला. पुस्तकांतलं ‘इ.स.पू. ५४०–४८०’ असं तयार होतं. यात मोजलेलं काहीच नाही; सगळं एका गृहीतावर रचलेलं आहे. शिवाय सुडा हा दहाव्या शतकातला बायझंटाइन कोश तीच ६९वी ऑलिंपियाड देतो आणि सोबत पर्शियाच्या दरायस राजाचं नाव जोडतो. सुडाला दुसरा साक्षीदार समजू नका. तो त्याच परंपरेची नक्कल करतो, आणि नकलांची संख्या वाढल्याने पुरावा वाढत नाही.

मग तारीख सोडून द्यायची? नाही, कारण ती वेगळ्या वाटेने तपासता येते. बी ४० मध्ये हेराक्लायटस म्हणतो, पुष्कळ माहिती असल्याने शहाणपण येत नाही. येत असतं तर हेसिअडला आणि पायथागोरसला आलं असतं, तसंच झेनोफनीझ आणि हेकाटीयसला. हे त्याचे स्वतःचे शब्द. म्हणजे लिहिताना पायथागोरस, झेनोफनीझ आणि हेकाटीयस ही नावं गाजलेली होती. हेकाटीयस मिलेटसचा, आणि इतिहासकार हिरोडोटस त्याला इ.स.पू. ४९९ला पर्शियाविरुद्ध सुरू झालेल्या आयोनियन बंडाच्या मसलतींमध्ये दाखवतो. तेव्हा हेराक्लायटसने हे वाक्य ५००च्या अलीकडे-पलीकडे, फार तर काही दशकांत लिहिलं असावं. अपोलोडोरसच्या गृहीताशी याचा काही संबंध नाही, तरी दोन्ही एकाच ठिकाणी येतात. म्हणून ‘इ.स.पू. ५००च्या सुमारास’ हे मी ठामपणे लिहीन. ५४० आणि ४८० हे आकडे मात्र लिहिणार नाही.

पत्रं

दरायसचं नाव वर आलंच आहे. डायोजिनीस दोन पत्रं पूर्णच्या पूर्ण देतो: दरायसने हेराक्लायटसला दरबारी बोलावलेलं आणि हेराक्लायटसने दिलेला नकार. काळ जुळतो, कारण दरायस इ.स.पू. ५२२ ते ४८६ राज्य करत होता. पण काळ जुळणं हा खोट्या पत्राचा पहिला गुण असतो; रचणाऱ्याने सनावळी पाहिलेलीच असते.

पत्र दिसलं की विचारायचं, हे इतकी शतकं कुठे होतं आणि ते भाषा कुणाची बोलतं? या पत्रांतला राजा तत्त्वज्ञापुढे नम्र आहे आणि तत्त्वज्ञ ‘मला थोडकं पुरतं’ म्हणत राजवैभव लाथाडतो. राजाला नकार देणारा फकिरी ज्ञानी ही नंतरच्या सिनिक आणि स्टोइक पंथांच्या तत्त्वज्ञांची आवडती मूर्ती. हेराक्लायटसच्या वचनांत अशा फकिरीचा उपदेश नाही. त्याच्या नावावर एकूण नऊ पत्रं आहेत आणि अभ्यासक ती सगळीच रचलेली मानतात. मोठ्या माणसांच्या नावाने पत्रं लिहिणं हा त्या काळी शाळेत शिकवला जाणारा लेखनाचा सराव होता. चरित्रातून पत्रं काढून टाकताना त्यांवर उभी असलेली इतर विधानंही काढायला विसरू नका. पर्शियन राजाची मैत्री नाकारली, हे विधान बऱ्याच ठिकाणी पत्रांचा उल्लेख न करता येतं.

टिकतं ते काय

आता उलट बाजू. सगळं उडवून लावायची सवय लागली की तीही वाचकाला फसवते. गादी भावाला दिल्याची गोष्ट घ्या. डायोजिनीस ती अँटिस्थेनिस या लेखकाच्या हवाल्याने देतो, मनाच्या थोरपणाचा दाखला म्हणून. लोकशाहीच्या वाटेवरच्या ग्रीक शहरात कसली गादी, असं वाटून मी ती पहिल्याच वाचनात खोडायला निघालो असतो. पण स्ट्रेबो लिहितो की एफेसस वसवणाऱ्या आन्ड्रोक्लसच्या वंशजांना आपल्या, म्हणजे स्ट्रेबोच्या, काळीही ‘राजे’ म्हणत. खेळांत पुढच्या जागा, जांभळी वस्त्रं, राजदंडाऐवजी काठी आणि डिमीटर देवीच्या पूजेचा मान एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. म्हणजे राज्य नव्हे, वतन. मान असलेलं, सत्ता नसलेलं.

स्ट्रेबो हेराक्लायटसच्या चरित्रासाठी हे लिहीत नव्हता, म्हणून त्याची साक्ष मोलाची. त्याने सिद्ध काय होतं? एफेससमध्ये असं पद होतं, आणि ते सोडून देणं शक्य होतं, एवढंच. हेराक्लायटसने ते सोडलं हे सिद्ध होत नाही. पण या गोष्टीशेजारी ठेवायला नेमकं वचन मिळत नाही आणि स्थानिक प्रथेची माहिती असल्याशिवाय ती सुचणारीही नाही. माझ्या मते ही ‘शक्य’च्या वर आणि ‘खात्री’च्या खाली बसते.

वडिलांचं नाव ब्लोसन हेही असंच. त्यातून कसलीही गोष्ट घडत नाही, त्यात शिकवण नाही, कुणाचा फायदा नाही. असा कोरडा, निरुपयोगी तपशील रचायला कारण लागतं, आणि इथे कारण दिसत नाही. डायोजिनीस ‘काहींच्या मते हेराकॉन’ हेही सांगतो, म्हणून ‘बहुधा ब्लोसन’ म्हणा आणि पुढे चला.

‘मी कुणाकडे शिकलो नाही’ या दाव्याची गत मात्र वेगळी. बी १०१ मध्ये तो म्हणतो, ‘मी स्वतःचा शोध घेतला.’ या दोन-तीन शब्दांतून ‘त्याला गुरू नव्हता’ असं चरित्रवाक्य निघालं. उलट सोशन हा जुना लेखक काहींचं मत देतो की तो झेनोफनीझचा शिष्य होता. हेही वाचनातूनच आलेलं दिसतं: जुन्या गुरुशिष्यांच्या याद्या लिहिणाऱ्यांना प्रत्येकाला गुरू चिकटवायचाच होता. दोन्ही सोडून द्या.

हेराक्लायटस म्हणजे ‘रडणारा तत्त्वज्ञ’, हे गाजलेलं चित्रही सोडा. अरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस त्याचं लिखाण काही ठिकाणी अर्धवट आणि काही ठिकाणी विसंगत असण्याचं कारण त्याच्या स्वभावातल्या ‘मेलँकोलिया’त शोधतो, आणि या शब्दाचा अर्थ पुढे उदासपणा असा घेतला गेला. ती ग्रंथावरची टिप्पणी होती. रोमन काळापर्यंत तिचा माणूस झाला आणि तो माणूस ‘हसरा तत्त्वज्ञ’ म्हणवल्या गेलेल्या डेमॉक्रिटसच्या शेजारी रडायला बसला.

सर्वांत खात्रीचा प्रसंग गोष्टीत नसून वचनात आहे: बी १२१ मधला हर्मोडोरस. एफेससने त्याला हद्दपार केलं आणि त्याचा हेराक्लायटसला संताप आला, हे त्याच्याच तोंडून कळतं. रोमन परंपरा सांगते की हाच हर्मोडोरस इटलीत गेला आणि इ.स.पू. ४५१–४५० मध्ये रोमचे बारा पाट्यांचे कायदे करणाऱ्यांना त्याने मदत केली. हे धरलं तर ५००च्या सुमारास शहराचा सर्वांत गुणी पुरुष असलेला माणूस पन्नास वर्षांनी रोममध्ये कायदे सांगत होता. अगदीच अशक्य नाही, पण ताण पडतो, आणि रोमला ग्रीक कायद्यांचा वारसा मिळवून द्यायची हौस यामागे दिसते. हद्दपारी घ्या, रोम सोडा.

लिहायचं कसं

पारख झाल्यावर चरित्र लिहिताना प्रत्येक वाक्यात खात्रीची पायरी दिसायला हवी. ‘असं म्हणतात’ सगळीकडे चिकटवलं तर सगळ्याच विधानांची किंमत सारखी होते. मी असं लिहीन:

‘हेराक्लायटस एफेससचा. इ.स.पू. ५००च्या सुमारास त्याने एक ग्रंथ लिहिला. त्यातली सव्वाशेच्या आसपास वचनं इतरांच्या लेखनातून उरली आहेत. हर्मोडोरस या नागरिकाला शहराने घालवून दिल्याबद्दल त्याने आपल्या शहरवासीयांची कडक निर्भर्त्सना केली. वडिलांचं नाव बहुधा ब्लोसन. एफेससमध्ये मानाचं वंशपरंपरागत राजपद होतं. ते त्याने भावाला दिल्याचं नंतरचे लेखक सांगतात आणि ते शक्य आहे. त्याच्या मृत्यूच्या हकीकती परस्परविरोधी असून त्याच्याच वचनांवरून रचलेल्या आहेत. तो कधी आणि कशाने मेला हे कळायला मार्ग नाही.’

आठ ओळीही होत नाहीत. यातलं शेवटचं वाक्य लिहिताना हात अडखळतो, कारण शेणाची गोष्ट सांगायला मजा येते. सांगायचीच असेल तर ती मृत्यूच्या परिच्छेदात न घालता ग्रंथाच्या परिच्छेदात घाला: इ.स.पू. तिसऱ्या शतकात लोक त्याची ओल्या आत्म्याची, शेणाची आणि कुत्र्यांची वचनं किती बारकाईने वाचत होते, याचा तो उत्तम पुरावा आहे. त्या जागी निआन्थीस आणि हर्मिपस दोघेही विश्वासू साक्षीदार ठरतात, फक्त माणसाचे नव्हे, त्याच्या वाचकांचे.